एका गावात किती घरं?

एका जिल्ह्यात घरोघर जाऊन पाहणी करायची आहे आणि क्षेत्रकामासाठी हातात सहा लाख रुपये आहेत असं धरू. टेबलावर दोन आराखडे आहेत. पहिल्यात २५ गावं निवडायची आणि प्रत्येक गावात ६० घरं करायची, म्हणजे एकूण १,५०० कुटुंबं. दुसऱ्यात ८० गावं, पण प्रत्येक गावात फक्त ५ घरं, म्हणजे एकूण ४०० कुटुंबं. प्रवास आणि मुलाखती धरून दोन्हींचा खर्च तेवढाच येतो. बैठकीत कोणता आराखडा मंजूर होईल हे सांगायला नको. १,५०० हा आकडा अहवालाच्या मुखपृष्ठावर भारदस्त दिसतो.

तरीही जिल्ह्यातल्या किती टक्के घरांत अमुक एक सोय आहे, या प्रश्नाचं अधिक भरवशाचं उत्तर ४०० घरांचा आराखडा देईल. आणि ६० गावांत प्रत्येकी १३ घरं करणारा तिसरा आराखडा त्याच पैशांत या दोघांनाही मागे टाकेल. हा १३ चा आकडा अंदाजपंचे काढलेला नाही. प्रवासाला किती पडतं आणि एका गावातली घरं एकमेकांसारखी किती असतात, या दोन गोष्टी ठाऊक असल्या की तो हिशेबाने काढता येतो.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण भांड्यातला भात ढवळलेला असतो आणि सगळ्या शितांना सारखीच आच लागलेली असते. जिल्हा असा ढवळलेला नसतो. एकाच विहिरीवर पाणी भरणारी, एकाच शाळेत मुलं धाडणारी, बहुधा एकाच जातीची किंवा भावकीची माणसं शेजारी शेजारी राहतात. एखाद्या पाड्यावर तुम्ही पिण्याच्या पाण्याबद्दल विचारत निघालात, तर पहिली बाई सांगते की हातपंप आहे, उन्हाळ्यात आटतो, मग नदीत झरा खणतो. दुसरी तेच सांगते. तिसऱ्या घरी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं. सातव्या घरापर्यंत प्रगणकाने आठव्याचं उत्तर मनात लिहून टाकलेलं असतं. आठव्या घरी घालवलेला पाऊण तास पाण्याच्या प्रश्नापुरता फुकट गेलेला असतो. त्याच पाड्यावर ‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला ताप आला होता का?’ असं विचारलं तर मात्र घरागणिक उत्तर बदलतं, आणि आठवं घरही काहीतरी नवं सांगतं.

या सारखेपणाला संख्याशास्त्रात समूहांतर्गत सहसंबंध म्हणतात. त्याची खूण ग्रीक ρ, उच्चार ‘रो’. एका गावातली दोन घरं जिल्ह्यातल्या कुठल्याही दोन घरांइतकीच वेगळी असतील तर ρ शून्य. गावातली सगळी घरं हुबेहूब सारखी असतील तर ρ एक. प्रत्यक्षात तो या दोन टोकांच्या मध्ये, बहुतेक वेळा शून्याच्या बाजूला असतो. ताप, जुलाब अशा गोष्टींत तो अगदी लहान, दोन-चार शतांश इतकाच असतो. पाणी, वीज, संडास अशा एकदम गावाला मिळणाऱ्या किंवा एकदम गावाला न मिळणाऱ्या गोष्टींत तो ०.३ च्या पुढेही जातो. आपल्या उदाहरणासाठी ०.१ धरू. दिसायला हा आकडा बापडा वाटतो, पण खरी गंमत त्याच्यातच आहे.

एका गावात m घरं केली, तर नमुन्याची अचूकता 1 + (m − 1)ρ इतक्या पटीने खालावते. या पटीला डिझाइन इफेक्ट म्हणतात. केलेल्या घरांच्या संख्येला त्याने भागलं, की ती घरं खरोखर किती ‘सुट्या’ घरांच्या मोलाची आहेत ते कळतं. सुटी म्हणजे जिल्हाभरातून एकेक करून चिठ्ठी टाकून निवडलेली. गावात १३ घरं केली तर पट येते २.२, म्हणजे ती १३ घरं जेमतेम ६ सुट्या घरांच्या मोलाची. ६० घरं केली तर पट ६.९, आणि मोल पावणेनऊ घरांच्या आसपास. पहिल्या १३ घरांनी सहा दिली आणि पुढच्या ४७ घरांनी मिळून तीनसुद्धा दिली नाहीत. अख्खं गाव पिंजून काढलं तरी ρ ०.१ असताना एका गावाकडून दहापेक्षा जास्त सुट्या घरांइतकी माहिती मिळणं शक्यच नाही, कारण ती कमाल मर्यादा 1/ρ असते. गाव कितीही मोठं असो, जिल्ह्याच्या सरासरीबद्दल त्याला यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं.

मग प्रत्येक गावात एकच घर का करू नये? कारण गावापर्यंत जायला पैसे पडतात.

खर्च दोन प्रकारचा असतो. एक गाव वाढवल्यामुळे येणारा, आणि एक घर वाढवल्यामुळे येणारा. गावाच्या खात्यात जीपचं भाडं आणि डिझेल येतं, चमू रस्त्यात असतो त्या तासांची मजुरी येते, आणि हटकून विसरला जाणारा घरयादीचा खर्चही येतो. नमुन्याची घरं चिठ्ठीने निवडायची तर आधी गावातली सगळी घरं नकाशावर काढून त्यांची यादी करावी लागते. त्याला दोन माणसांचा एक दिवस सहज जातो, मग पुढे तुम्ही पाच घरं करा की पन्नास. घराच्या खात्यात मुलाखतीचा वेळ, बंद घरी पुन्हा मारलेली फेरी आणि पर्यवेक्षकाची तपासणी येते. समजा जीपला २,२००, प्रवासातल्या मजुरीला २,०००, घरयादीला १,८००, असे गावामागे ६,००० रुपये झाले. प्रगणकाला दिवसाला सगळं मिळून १,२५० रुपये पडतात आणि दिवसात त्याच्या पाच मुलाखती होतात. म्हणजे घरामागे २५० आणि तपासणीचे ५०, एकूण ३००. ही रक्कम जागेनुसार आणि वर्षानुसार बदलेल. हिशेबाला लागतं ते फक्त या दोहोंचं गुणोत्तर, आणि ते इथे २० आहे. एका नव्या गावाच्या पैशांत वीस घरं होतात.

आता दोन ओढी समोरासमोर उभ्या आहेत. खर्च म्हणतो, एवढ्या लांब आलोच आहोत तर आणखी चार घरं करू. सारखेपणा म्हणतो, इथे नवं काही मिळत नाही, पुढच्या गावाला चला. दोन्हींचा समतोल जिथे होतो ते ठिकाण या सूत्राने मिळतं :

m = √[ (C₁ / C₂) × (1 − ρ) / ρ ]

C₁ म्हणजे गावाचा खर्च आणि C₂ म्हणजे घराचा. आपल्या आकड्यांनी २० गुणिले ९, म्हणजे १८०, आणि त्याचं वर्गमूळ साडेतेरापेक्षा किंचित कमी. १३ तिथून आले. सूत्रात काय नाही हेही बघण्यासारखं आहे. त्यात एकूण पैसा नाही. सहा लाखांऐवजी साठ लाख मिळाले तरी गावात घरं १३ च राहतात, गावं तेवढी दसपट होतात. जिल्ह्याची लोकसंख्याही सूत्रात नाही. ‘मोठं गाव आहे, तिथे जास्त घरं घ्या’ हा सल्ला पाहणीच्या बैठकांत हमखास ऐकू येतो, पण त्याला या हिशेबात जागा नाही. मोठ्या गावाला न्याय द्यायचा तो गाव निवडताना. लोकसंख्येच्या प्रमाणात मोठ्या गावाची चिठ्ठी निघण्याची शक्यता वाढवली की काम झालं. मग प्रत्येक गावात सारखीच घरं घेता येतात.

सगळे आराखडे एकदा शेजारी मांडून पाहू, दर वेळी पैसे सहा लाख. गावात ५ घरं केली तर ८० गावं होतात आणि हाती २८६ सुट्या घरांइतकी माहिती येते. १० घरं केली तर ६६ गावं आणि ३४७. १३ केली तर ६० गावं आणि ३५५. २० केली तर ५० गावं आणि ३४५. ३० केली तर ४० गावं आणि ३०८. ६० केली तर २५ गावं आणि फक्त २१७. म्हणजे सुरुवातीच्या भारदस्त आराखड्यात १,५०० घरांचे उंबरे झिजवून चूक साधारण ६.७ टक्के बिंदूंची राहते (खरं उत्तर निम्म्याच्या आसपास आहे असं धरून), तर ७८० घरांच्या आराखड्यात ती ५.२ वर येते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि माझ्या मते सूत्रापेक्षा तीच जास्त कामाची आहे. १० पासून २० पर्यंत जवळजवळ काहीच बदलत नाही. तळ सपाट आहे. शिखरावर नेमकं पोचण्याची धडपड करायची गरज नाही. ५ आणि ६० ही टोकं टाळली, की बाकी निर्णय सोयीने घेता येतो. दशांश चिन्हापर्यंत m काढून देणारा सल्लागार आपली हुशारी दाखवत असतो, पाहणी सुधारत नसतो.

प्रवासखर्च आणि अचूकता यांचा असा एकत्र हिशेब मांडणाऱ्या पहिल्या माणसांत प्रशांतचंद्र महालनोबिस होते. १९३७ पासून पुढची काही वर्षं ते बंगालमधल्या तागाच्या पिकाखालचं क्षेत्र नमुना पाहणीने मोजत होते. नकाशावर छोटे चौकोन टाकायचे आणि कर्मचाऱ्यांनी तिथे जाऊन ताग किती जागेत आहे ते नोंदवायचं, अशी पद्धत होती. चौकोन केवढा असावा आणि किती असावेत, हा आपलाच प्रश्न वेगळ्या वेषात. महालनोबिसांनी खर्च अंदाजाने धरला नाही. कर्मचाऱ्यांचा किती वेळ प्रत्यक्ष नोंदीत जातो, किती चालण्यात आणि किती इतर गोष्टींत, याच्या नोंदी ठेवायला लावल्या आणि त्यांवरून खर्चाचं सूत्र बांधलं. १९४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे सगळं काम मांडलं. पुढे १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागेही त्यांचाच हात होता.

त्यांच्या हिशेबातली एक बारीक गोष्ट आजही अनेक अंदाजपत्रकांत हरवलेली दिसते. एखाद्या प्रदेशात n ठिकाणं विखुरलेली असतील आणि चमू एकातून दुसऱ्यात असा पुढे पुढे जात असेल, तर एकूण रस्ता n च्या पटीत वाढत नाही, n च्या वर्गमूळाच्या पटीत वाढतो. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आहे. त्यात ६० गावं विखुरली असतील तर ती सगळी जोडणारा सर्वांत छोटा मार्ग, रस्त्यांची वळणं न धरता, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास निघतो. गावं दुप्पट, म्हणजे १२० केली, तर मार्ग दुप्पट होत नाही, सव्वानऊशेच्या जवळ जातो. गावं वाढली की ती एकमेकांच्या जवळही येतात ना!

याचा परिणाम असा की पुढे पुढे जाणाऱ्या चमूसाठी एक ‘जादा’ गाव सरासरीपेक्षा स्वस्त पडतं. गणिताने ते प्रवासखर्चापुरतं बरोबर निम्म्यात येतं. आपल्या उदाहरणात गावाच्या ६,००० पैकी ४,२०० प्रवासाचे होते. ते निम्मे केले की राहतात २,१००, त्यात घरयादीचे १,८०० मिळवले की ३,९००. गुणोत्तर २० वरून १३ वर येतं आणि गावातली घरं १३ वरून ११ वर. चमू रोज संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी परतत असेल तर मात्र हा फायदा मिळत नाही. तिथे प्रत्येक गाव म्हणजे नवी जा-ये, आणि पूर्ण ४,२०० धरावे लागतात. म्हणून खर्चाचा आकडा लेखापालाकडून आणण्याआधी चमू रात्री झोपणार कुठे हे विचारायला हवं.

प्रवास अगदीच स्वस्त असला तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण पीककापणी प्रयोगांत सापडतं, आणि त्यामागे मराठी माणूस आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत धान्याचं उत्पादन मोजण्याच्या नमुना पद्धतीचा पाया घातला. १९५४ मध्ये आलेला त्यांचा नमुना सिद्धांतावरचा ग्रंथ पुढे जगभर वापरला गेला. त्या पद्धतीत निवडलेल्या गावात एका पिकाची साधारण दोनच शेतं कापली जातात. दोन हा आकडा घरांच्या पाहणीशी तुलना करता फारच लहान वाटतो, पण आपलं सूत्र हातात धरून पाहिलं तर तो अगदी साहजिक आहे. कापणीचं काम महसूल आणि शेती खात्याचे जागेवरच नेमलेले कर्मचारी करत. ते त्याच भागात राहत, म्हणून नव्या गावाला जाण्याचा खर्च थोडा. उलट एका शेतात चौकट आखायची, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि वाळल्यावर पुन्हा वजन करायचं, म्हणजे ‘घरा’चा खर्च भरपूर. शिवाय एकाच शिवाराची माती आणि एकच पाऊस, त्यामुळे सारखेपणाही कमी नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढत होत्या. (महालनोबिस आणि सुखात्मे यांचं कापणीच्या चौकटीच्या आकारावरून पटत नसे. तो वाद वेगळा आहे आणि रंजक आहे, पण इथे नको.)

सूत्राला न कळणारी एक गोष्ट म्हणजे दिवस मावळणं. सूत्र धरून चालतं की चौदावं घर, पंधरावं घर, सोळावं घर सारख्याच खर्चात होतं. तीन प्रगणकांचा चमू दिवसाला पंधरा मुलाखती करतो. सोळाव्या घरासाठी मुक्काम करावा लागतो किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं. जीपचं आणखी एका दिवसाचं भाडं त्या एका घराच्या डोक्यावर बसतं. तेव्हा खर्चाची रेघ सरळ चढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि शहाणा नियोजक पायरीच्या अगदी काठावर थांबतो. इथे तळ सपाट असण्याचा उपयोग होतो. सूत्र १३ म्हणतं, दिवस १५ म्हणतो, म्हणून १५ घरं निवडायची. दोन बंद निघतील, कुणी शेतावर गेलेलं असेल, कुणी नकार देईल, आणि संध्याकाळी तेराच्या आसपास मुलाखती पूर्ण झालेल्या असतील.

आतापर्यंत आपण ρ एकच धरला, पण प्रश्नावलीत प्रश्न दोनशे असतात आणि प्रत्येकाचा ρ वेगळा. तोच खर्च ठेवून तापाच्या प्रश्नासाठी (ρ ०.०२) हिशेब केला तर गावात ३१ घरं हवीत. संडासाच्या प्रश्नासाठी (ρ ०.३) सातच पुरतात. प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी पाहणी कोण करणार? मग ज्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर सर्वांत महागात पडेल तो प्रश्न धरून m ठरवायचा, आणि बाकीच्यांना सपाट तळाच्या भरवशावर सोडायचं.

यात आणखी एक वळण आहे आणि ते न ओळखल्यामुळे मोठ्या पाहण्यांवर उगाच टीका होते. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. तिच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत प्रत्येक निवडलेल्या गावात किंवा शहरी गटात २२ घरं होती. संडास आणि विजेसाठी २२ घरं फार झाली, हे आता वाचकही सांगेल. पण या पाहणीचा मोठा भाग ठरावीक वयाच्या मुलांबद्दल आणि मातांबद्दल आहे. वर्ष ते दोन वर्षांमधल्या बाळांचं लसीकरण किती झालं, हा तिच्यातला एक गाजणारा आकडा. २२ घरांत अशी बाळं दीड-दोनच सापडतात. म्हणजे लसीकरणापुरता त्या गावातला m २२ नाही, जेमतेम दोन आहे, आणि डिझाइन इफेक्ट त्या दोनावर ठरतो. म्हणून सूत्रात m भरताना घरं मोजायची नाहीत, ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे ती माणसं मोजायची. आणि अशा एका बाळामागचा खर्च धरताना ते सापडेपर्यंत केलेल्या दहा-अकरा घरांचा खर्चही धरायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली ‘३० गुणिले ७’ ही लसीकरणाची पाहणी याच नजरेने वाचता येते. ३० गावं, प्रत्येकी ७ बाळं. डिझाइन इफेक्ट २ धरलेला, म्हणजे ρ साधारण ०.१७. सूत्र उलटं फिरवलं तर या आराखड्याने एक गाव दहा बाळांइतकं महाग धरल्यासारखं होतं, आणि बाळ शोधायला लागणारी घरं जमेस धरली तर ते बऱ्याच प्रदेशांना लागू पडेल. गोची दुसरीकडे होती. त्या पद्धतीत पहिलं घर यादृच्छिक निवडायचं आणि तिथून शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या, असं सात बाळं मिळेपर्यंत जायचं. घरयादीचा खर्च वाचतो, पण सातही बाळं एकाच गल्लीतली निघतात आणि गल्लीतला ρ गावातल्या ρ पेक्षा जास्त असतो. २०१८ च्या मार्गदर्शिकेत संघटनेने ही शेजारपद्धत सोडून संभाव्यतेवर आधारलेली निवड करायला सांगितलं. मोठ्या गावाचे तुकडे पाडून एकाच तुकड्याची यादी करण्यातही थोड्या प्रमाणात हीच देवघेव होते. C₁ खाली येतो आणि ρ वर जातो. दोन्ही ‘ठाऊक’ असले तरी ते एकमेकांपासून सुटे नसतात. जुन्या पाहणीतून ρ उचलताना त्या पाहणीत घरं गावभर पसरलेली होती की एका वाडीत गोळा झालेली, हे बघितल्याशिवाय तो आपला होत नाही.

आणि ρ चुकलाच तर? आपण ०.१ धरून ६० गावांत १३-१३ घरं केली आणि खरा ρ ०.२ निघाला असं समजू. तेव्हा योग्य m नऊच्या आसपास असता आणि २३९ सुट्या घरांइतकी माहिती मिळाली असती. आपल्याला मिळाली २२९. खरा ρ ०.०५ निघाला तर योग्य m वीसच्या आसपास असता, मिळकत ५१३, आणि आपली ४८८. ρ दुप्पट किंवा निम्मा चुकूनही तोटा चार-पाच टक्क्यांचाच. वर्गमूळ असतं म्हणून हे होतं, मोठमोठ्या चुका ते दाबून टाकतं.

पण याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पोटात गोळा येतो. आपण वरिष्ठांना ३५५ सुट्या घरांइतकी अचूकता कबूल केली होती आणि हाती २२९ आली. ५.२ ची चूक ६.५ झाली. ती भरून काढायची तर तेराच घरं ठेवून गावं ६० वरून ९३ करावी लागली असती, म्हणजे खर्च सव्वानऊ लाख. गावात किती घरं हा निर्णय चुकीला माफ करतो, एकूण किती गावं हा निर्णय मुळीच करत नाही. पुष्कळ पाहण्यांत मात्र ρ चा सगळा काथ्याकूट m साठी होतो आणि गावांची संख्या उरलेल्या पैशांवर सोडून दिली जाते.

पाहणी झाल्यावर डिझाइन इफेक्ट प्रत्यक्ष मोजता येतो. त्यातून एक वजा करून (m − 1) ने भागलं की ρ हाती येतो. अर्थात प्रसिद्ध झालेल्या डिझाइन इफेक्टमध्ये भारांकनाचा आणि स्तररचनेचाही वाटा मिसळलेला असतो, तो वेगळा काढावा लागतो. १३ घरांच्या गावांत पट २.२ अपेक्षित असताना ४ आली, तर ρ ०.२५ झाला. मग आधी प्रश्न बघायचा, आणि नंतर माणूस. गावातल्या तेराही मुलाखती एकाच प्रगणकाने घेतल्या असतील, तर त्याची विचारण्याची पद्धत, घाई, ‘थोडंफार पितात’ याला ‘नाही’ लिहायची सवय, हे सगळं त्या गावाच्या सारखेपणात जमा होतं. आकड्यांवरून गाव एकजिनसी दिसतं, पण तो एकजिनसीपणा त्या प्रगणकाचा असतो. महालनोबिसांनी यावर नमुना दोन किंवा अधिक स्वतंत्र उपनमुन्यांत वाटून ते वेगवेगळ्या चमूंना देण्याची युक्ती काढली होती. दोन चमूंच्या उत्तरांतला फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने यावा त्याहून मोठा निघाला, तर दोष पद्धतीतला किंवा माणसांतला. आपल्या उदाहरणात हे करायला जास्त पैसे लागत नाहीत. ६० पैकी ३० गावं एका चमूला आणि ३० दुसऱ्याला, पण जिल्ह्याचे दोन अर्धे भाग पाडून नाही, तर चिठ्ठी टाकून. प्रवास थोडा वाढतो, कारण दोन्ही चमू सगळा जिल्हा फिरतात. वर्गमूळाच्या नियमाने ती वाढही मोजता येते. दोन चमूंनी एकेक अर्धा जिल्हा फिरण्याऐवजी दोघांनी अख्खा फिरला तर एकूण रस्ता सुमारे १.४ पट होतो, आणि तो खर्च C₁ मध्ये आधीच धरून m पुन्हा काढायला हवा.